लोहाचा रकाना

मुलगी नऊ महिन्यांची होती, वजन सात किलो. दोन महिन्यांपासून तिला गावातल्या दवाखान्यातून लोहाचे थेंब चालू होते. घरी आजीने बिटाचा रस आणि भिजवलेल्या खजुराचं पाणी सुरू केलं होतं. तरीही तिच्या तळहातांना लाली येत नव्हती, उलट दूध पितानाच ती दमून झोपी जायची. पोट डाव्या बाजूला टणक लागायचं. जळगाव जिल्ह्यातल्या त्या गावातून आईवडिलांनी तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तेव्हा हिमोग्लोबिन ५.८ निघालं. मग एचपीएलसी ही तपासणी झाली, तिची आणि पाठोपाठ आईवडिलांचीही. निदान ठरलं: बीटा थॅलेसेमिया मेजर.

तिथल्या रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांची एक पद्धत आहे. निदान सांगितल्यानंतर त्या आईवडिलांना एक पत्र देतात. पत्र मराठीत, चार पानांचं, आणि सोबत रकाने आखलेली एक जाड वही. निदान ऐकल्यावर पुढच्या अर्ध्या तासात सांगितलेलं फारसं काही कानात शिरत नाही, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलंय की महत्त्वाचं सगळं त्या लिहूनच देतात. घरी गेल्यावर, लेकरू झोपल्यावर, दोघांनी मिळून वाचायचं. आजीआजोबांनाही वाचून दाखवायचं, कारण प्रश्न त्यांचेच जास्त असतात.

पत्राची सुरुवातच एका सूचनेने होते. "लोहाचे थेंब आजपासून बंद. टॉनिकही बंद. तुमच्या बाळाच्या अंगात लोह कमी नाही. पुढे तर ते जास्त होणार आहे."

ही सूचना पहिली का, हे समजायला आजार थोडा समजून घ्यावा लागतो. रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं आणि ते फुफ्फुसातला प्राणवायू शरीरभर पोचवतं. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांनी बनतं, अल्फा आणि बीटा. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला बीटा साखळी लागतच नाही. म्हणून ही मुलं जन्मतः अगदी गुटगुटीत, लालगुलाबी असतात. जन्मानंतरच्या काही महिन्यांत शरीर जुनं हिमोग्लोबिन बनवणं थांबवून नव्याकडे वळतं आणि तिथे बीटा साखळीची गरज पडते. ज्या बाळाला आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बीटाचा सदोष जनुक मिळालाय, त्याची गाडी इथे अडते. सहा महिने ते दोन वर्षं या वयात बाळ फिकट पडू लागतं ते यामुळे.

बीटाविना उरलेल्या अल्फा साखळ्या एकमेकींना चिकटून लाल पेशींना आतूनच इजा करतात. बहुतेक पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच मरतात. मज्जा मग जिवाच्या आकांताने आणखी पेशी बनवायला लागते, हाडं आतून पसरतात, आणि पानथरी म्हणजे प्लीहा मोठी होते. पोट डाव्या बाजूला टणक लागत होतं ते तिच्यामुळे.

गावातल्या डॉक्टरांनी लोह दिलं यात आश्चर्य नाही. आपल्याकडे फिकट बाळांमध्ये लोहाची कमतरता कितीतरी जास्त प्रमाणात आढळते. पण चार ते सहा आठवडे नियमित लोह देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल आणि पानथरी हाताला लागत असेल, तर थेंब चालू ठेवण्याऐवजी एचपीएलसी करायला हवी. ती बाळाला पहिल्यांदा रक्त देण्याआधी झाली तर उत्तम. एकदा दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की अहवालात दात्याचं हिमोग्लोबिनही मिसळतं आणि मग काही महिने थांबावं लागतं किंवा जनुकीय तपासणीकडे वळावं लागतं. या मुलीच्या बाबतीत वेळ साधली गेली. तिच्या अहवालात जवळजवळ सगळं हिमोग्लोबिन गर्भातल्या प्रकारचं होतं. आईवडिलांच्या अहवालात हिमोग्लोबिन ए-टू पाच टक्क्यांच्या वर होतं. साधारणपणे ते साडेतीनच्या आत असतं. म्हणजे दोघेही थॅलेसेमिया मायनर, वाहक. दोघांनाही आयुष्यात कधी कसलाच त्रास झाला नव्हता.

निदान झालं तरी लगेच पिशवी लावली नाही, याचं वडिलांना नवल वाटलं. पत्रात त्याचं उत्तर आहे. एखाद्या तापात किंवा जंतुसंसर्गात हिमोग्लोबिन तात्पुरतं खाली येऊ शकतं. एका आकड्यावर विसंबून आयुष्यभराचं रक्त सुरू करायचं नसतं. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं, किंवा सातच्या वर असूनही वाढ खुंटली, चेहऱ्याची हाडं बदलू लागली, तर नियमित रक्त सुरू करायचं. अर्थात बाळाला धाप लागत असेल, हृदयावर ताण दिसत असेल, तर कोणी दोन आठवडे थांबत नाही. या मुलीचं हृदय व्यवस्थित होतं. दुसऱ्या वेळी आकडा ५.६ आला आणि पहिल्या पिशवीची तारीख ठरली.

त्या मधल्या दिवसांत आणखी एक काम झालं. तिच्या लाल पेशींची सविस्तर ओळखपत्रिका तयार केली गेली. रक्तगट म्हणजे फक्त ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच नसतं. पेशींवर सी, ई, केल अशी आणखी बरीच चिन्हं असतात. एखाददुसरी पिशवी लागणाऱ्या रुग्णाला त्यांनी फारसा फरक पडत नाही. पण जिला शेकडो पिशव्या लागणार आहेत, तिच्या शरीराने यातल्या एखाद्या परक्या चिन्हाविरुद्ध प्रतिपिंडं बनवली, तर पुढे जुळणारं रक्त शोधणं अवघड होऊन बसतं. म्हणून ही तपासणी पहिल्या पिशवीआधी करून घ्यायची आणि तिचा कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायचा. हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली आहे का, हेही तेव्हाच पाहिलं जातं.

घरातला आणखी एक प्रस्ताव पत्र नम्रपणे नाकारतं. मामा, काका, वडील, सगळे म्हणतात, आमचंच रक्त द्या की तिला. जवळच्या नातेवाइकांचं रक्त या मुलांना देत नाहीत. पुढे कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार झाला तर दाता घरातलाच असण्याची शक्यता असते आणि त्याच्या पेशी तिच्या शरीराला आधीच 'शत्रू' म्हणून ओळखीच्या झालेल्या नकोत. शिवाय जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे होणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा विकारही आहे. मामांनी रक्तदान जरूर करावं, पण ते दुसऱ्या कुणासाठी.

मग येतो वहीचा पहिला रकाना. तारीख, वजन, रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन, किती मिलिलिटर दिलं. यातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा तिसरा. रक्त चढल्यावर बाळ गुलाबी दिसतं, खेळतं, जेवतं आणि आईवडिलांचं लक्ष त्या दिवसावर खिळतं. डॉक्टरांचं लक्ष मात्र आधीच्या दिवसावर असतं, म्हणजे बाळ सर्वांत खाली कुठवर घसरलं त्यावर. रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान राहायला हवं. तेवढं राहिलं तर मज्जेला रक्त मिळाल्याचा निरोप पोचतो आणि ती आपली वेडी धावपळ थांबवते. हाडं पसरत नाहीत, पानथरी वाढत नाही, मूल इतरांसारखं उंच होतं.

हे साधण्यासाठी साधारण दोन ते पाच आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, बहुतेक लहान मुलांना तीन आठवड्यांनी. संपूर्ण रक्त न देता त्यातल्या फक्त लाल पेशी देतात, रुग्णालयात ज्याला 'पॅक्ड सेल' म्हणतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी गाळलेल्या असाव्यात, म्हणजे थंडी-तापाचा त्रास कमी होतो. पिशवी शक्यतो दोन आठवड्यांच्या आतली असावी, कारण ताज्या पेशी शरीरात जास्त दिवस टिकतात.

हिशेब अवघड नाही. पॅक्ड सेलचे साडेतीन मिलिलिटर दर किलो वजनामागे दिले की हिमोग्लोबिन अंदाजे एकाने वाढतं. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा तिचं वजन दहा किलो होतं. रक्त देण्याआधी हिमोग्लोबिन ९.८. तिला १२० मिलिलिटर दिलं, म्हणजे किलोमागे बारा. हिमोग्लोबिन सुमारे ३.४ ने वाढून १३.२ च्या आसपास गेलं. तीन आठवड्यांत ते परत साडेनऊ-दहावर येतं आणि पुढची तारीख लागते. एवढं रक्त तीन ते चार तासांत हळूहळू जातं. पहिली पंधरा मिनिटं तर अगदी थेंबाथेंबाने, आणि तेवढा वेळ आईने बाजूलाच बसायचं.

आईने काय बघायचं, तेही पत्रात लिहिलंय. अंगावर गांधी उठून खाज आली, थंडी वाजून ताप भरला, श्वास भरभर चालू लागला, पाठीत किंवा पोटात दुखतंय म्हणून बाळ एकदम रडायला लागलं, लघवी लाल किंवा गडद झाली, तर लाजायचं नाही, सिस्टरला हाक मारायची. पिशवी आधी थांबवायची, कारण मग शोधायचं. पिशवी लावण्याआधी तिच्यावरचं नाव, रक्तगट आणि क्रमांक सिस्टरबरोबर आईनेही वाचून पाहायचा. चुकीच्या माणसाला चुकीची पिशवी लागणं ही टाळता येण्यासारखी चूक आहे आणि ती टाळण्यासाठी दोन जोडी डोळे केव्हाही बरे. घरी गेल्यानंतर आठ-दहा दिवसांनी डोळे पिवळे झाले आणि मूल अचानक फिकट पडलं, तर तीही कळवायची गोष्ट आहे. उशिरा उमटणारी ती एक प्रतिक्रिया असू शकते.

पहिल्या वर्षी या कुटुंबाची एक चूक झाली, आणि ती बहुतेक घरांत होते. कापूस वेचणीचे दिवस होते, गाडी मिळत नव्हती, मुलगी छान खेळत होती. "एक आठवड्याने जाऊ" असं दोनदा झालं. वहीत हिमोग्लोबिनचे आकडे ९.७, ९.५, मग ८.४ आणि ७.९ असे उतरत गेले. मूल खेळत होतं ते खरं. लहान मुलांचं शरीर कमी हिमोग्लोबिनची सवय करून घेतं, पण त्याची किंमत मज्जा मोजते. आणि अशा वेळी आतडीही अन्नातून जास्त लोह शोषायला लागतात, कारण रक्त कमी पडतंय हा मज्जेचा गजर त्यांनाही ऐकू जातो. रक्त कमी दिलं म्हणजे लोह कमी साठेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हाडंही बिघडतात आणि लोहही साठतंच.

तारखा पाळूनही आकडा घसरत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. वजन वाढलं पण रक्ताचं माप तेच राहिलं, हे सगळ्यांत साधं कारण. प्रतिपिंडं तयार झाली आणि दिलेल्या पेशी लवकर फुटू लागल्या, हे दुसरं. कूम्ब्स चाचणी आणि प्रतिपिंडांची तपासणी त्यासाठी करतात. पानथरी इतकी वाढली की पेशी तिथेच अडकून मरतात, हे तिसरं. या मुलीच्या बाबतीत तारखांचीच चूक होती आणि वहीने ती तीन ओळींत दाखवून दिली.

इथवर आईवडील नीट शिकतात. रक्त दिसतं, पिशवी दिसते, गुलाबी गाल दिसतात. पत्राचं तिसरं पान जे सांगतं ते मात्र दिसत नाही.

लाल पेशींच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १.०८ मिलिग्रॅम लोह असतं. १२० मिलिलिटरच्या पिशवीत साधारण साठ टक्के पेशी असतात. म्हणजे दर वेळी मुलीच्या शरीरात जवळजवळ ७८ मिलिग्रॅम लोह जातं. वर्षाला सतरा वेळा, म्हणजे तेराशे मिलिग्रॅमच्या वर. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह घेतो आणि त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून तेवढंच गमावतो. जास्तीचं लोह बाहेर टाकायचा रस्ता माणसाच्या शरीरात नाही. लघवीतून साखर जाते, मीठ जातं, लोह जात नाही. एका प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या मुलीच्या अंगात तेवढंच जास्तीचं लोह तीन वर्षांत जमा होतं.

सुरुवातीला यकृत ते साठवतं. मग लोह रक्तात मोकळं फिरू लागतं आणि हृदयात, स्वादुपिंडात, मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीत शिरतं. हृदयात शिरलं की ठोके अनियमित होतात आणि पंप थकतो. स्वादुपिंडात शिरलं की मधुमेह होतो. पीयूष ग्रंथीत शिरलं की उंची थांबते, वयात येणं लांबतं. लोह काढणारी औषधं नव्हती किंवा परवडत नव्हती, त्या काळात नियमित रक्त मिळालेली मुलंही ऐन विशीच्या उंबरठ्यावर हृदय निकामी होऊन जात. रक्ताने त्यांना बालपण दिलं आणि त्यातल्याच लोहाने पुढचं आयुष्य हिरावलं.

म्हणून वहीत दुसरा रकाना आहे, लोहाचा. त्यात फेरिटिन नावाच्या तपासणीचा आकडा दर तीन महिन्यांनी लिहायचा. दहा ते वीस पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन हजाराच्या वर गेलं, की लोह काढणारं औषध सुरू करायचं. बहुतेक मुलांत ही वेळ दोन वर्षांच्या आसपास येते. त्याआधी घाई करत नाहीत, कारण साठा फारसा नसताना ही औषधं वाढत्या हाडांना आणि वाढीलाच त्रास देऊ शकतात.

सर्वांत जुनं औषध डेस्फेरल. ते पोटातून शोषलं जात नाही, म्हणून छोट्या पंपाने त्वचेखाली आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच ते सात रात्री द्यावं लागतं. लेकराच्या पोटाला रोज रात्री सुई टोचणं आईला किती कठीण जातं, हे वेगळं सांगायला नको. तोंडावाटे घ्यायच्या पहिल्या औषधाला, डेफेरिप्रोनला, जगात सर्वांत आधी परवाना मिळाला तो भारतात. 'केल्फर' या नावाने ते अनेक घरांत ओळखीचं आहे. ते दिवसातून तीन वेळा घ्यावं लागतं आणि हृदयातलं लोह काढण्यात ते चांगलं आहे. तिसरं डेफेरासिरॉक्स, दिवसातून एकदा घ्यायचं. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली आणि लहान मुलांत आता बहुधा त्यानेच सुरुवात होते.

मुलगी दोन वर्षांची झाली, वजन बारा किलो, फेरिटिन ११८०. डॉक्टरांनी पाण्यात विरघळणारी डेफेरासिरॉक्सची गोळी दिली. किलोमागे वीस मिलिग्रॅम, म्हणजे २४०. बाजारात २५० ची गोळी मिळते, ती रोज एक. सुरू करण्याआधी मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी दोनदा, यकृताची एकदा, आणि नंतर दर महिन्याला दोन्ही. गोळी कशी द्यायची, हे पत्रात पावलापावलाने लिहिलंय. सकाळी रिकाम्या पोटी, नाश्त्याआधी किमान अर्धा तास. पेल्यात पाणी किंवा संत्र्याचा रस घ्यायचा, दूध नाही. गोळी टाकून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं आणि लगेच प्यायला द्यायचं. तळाशी पांढरा गाळ राहतो, तेच औषध असतं. त्यात परत थोडं पाणी घालून तेही प्यायला द्यायचं. ही गोळी चावायची नाही, अख्खी गिळायची नाही. याच औषधाची गिळायची गोळीही मिळते, पण तिचं माप वेगळं असतं. दुकानदाराने बदलून दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

औषध घेतल्यावर मुलीच्या रूपात काहीच फरक दिसला नाही. पिशवी लागल्यावर गाल लाल होतात, गोळीने काहीच होत नाही. पहिल्या महिन्यात थोडं पोट दुखलं आणि पाठीवर पुरळ आलं, तेवढंच. आजी म्हणाल्या, चांगल्या पोरीला गोळीने आजारी पाडलं. दहा दिवस गोळी कोपऱ्यात पडून राहिली. आईने ते वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना कळलं. सौम्य पुरळ बहुधा आपोआप जातं. वाढलं तर औषध थांबवून कमी मापाने परत सुरू करतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं. पत्रातलं सगळ्यांत ठळक वाक्य इथे आहे: "गोळीचा परिणाम तुम्हाला दिसणार नाही. तो वहीत दिसेल, सहा महिन्यांनी."

तीन महिन्यांनी फेरिटिन १६५० आलं तेव्हा घरात धसका बसला. गोळी चालू असून आकडा वाढला कसा? पण नोंदीवरून दिसलं की त्या आठवड्यात मुलीला ताप आणि सर्दी होती. फेरिटिन लोहाबरोबरच जंतुसंसर्गानेही वाढतं. तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर १२४० होतं. म्हणून एका आकड्यावर निष्कर्ष काढायचा नाही, तीन-चार आकड्यांची दिशा पाहायची. ती दिशा हजाराच्या खाली आणि पाचशेच्या वर स्थिर राहिली की बरं. पाचशेच्या खाली गेली तर औषधाचं माप कमी करावं लागतं.

चार वर्षांच्या वयात खरी चूक सापडली. फेरिटिन हळूहळू चढत १९०० वर गेलं होतं, ताप नव्हता, एकही दिवस गोळी चुकली नव्हती. डॉक्टरांनी वजनाचा रकाना पाहिला. मुलगी सोळा किलोची झाली होती आणि गोळी तीच, २५० ची. म्हणजे किलोमागे पंधराच मिलिग्रॅम पडत होतं. मधल्या काळात दुसऱ्या गावच्या दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून औषध आणलं जात होतं. रक्ताचं माप दर वेळी वजन करून ठरत होतं, गोळीचं माप कुणी वाढवलंच नव्हतं. माप ४०० पर्यंत नेलं, मासिक तपासण्या नीट आल्या, आणि वर्षभरात आकडा खाली उतरू लागला.

काही गोष्टी लोहाच्या औषधांबाबत मागेपुढे न पाहता करायच्या असतात. डेफेरासिरॉक्स चालू असताना उलट्या, जुलाब किंवा जोराचा ताप येऊन मूल पाणी पीत नसेल, तर त्या दिवसांत गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, कारण शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला धोका असतो. डेफेरिप्रोन चालू असताना ताप किंवा घशात दुखणं आलं, तर गोळी लगेच बंद आणि त्याच दिवशी सीबीसी. शंभरात एखाद्या रुग्णात या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेतू शकतो. डेस्फेरल चालू असताना तापाबरोबर पोटात जोरात दुखलं तरी तेच, आधी थांबवायचं. यर्सिनिया नावाचा जंतू लोहावर पोसला जातो आणि या औषधाने त्याला आयतंच लोह मिळतं.

फेरिटिन रक्तात काय आहे ते सांगतं, हृदयात काय आहे ते सांगत नाही. कधी फेरिटिन ठीक असूनही हृदयात लोह साचलेलं असतं. त्यासाठी आठ-दहा वर्षांच्या वयापासून, मूल न हलता झोपू शकलं की, एमआरआय टी-टू-स्टार ही तपासणी करतात. लंडनमधल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ती मांडली. हृदयाचा आकडा वीस मिलिसेकंदांच्या वर असला तर हृदय सुरक्षित. दहाच्या खाली आला तर हृदय निकामी होण्याचा धोका खूप वाढतो, मग दोन औषधं एकत्र द्यायचा विचार होतो. आजही ही तपासणी प्रामुख्याने मोठ्या शहरांतच होते, त्यामुळे पत्रात तिचं वर्ष आधीच लिहून ठेवलेलं असतं.

खाण्याबद्दल आजींनी बरेच प्रश्न विचारले. गूळ, नाचणी, पालेभाजी बंद करायची का? नाही. जेवणातून येणारं लोह पिशवीतल्या लोहापुढे फारच थोडं असतं आणि मुलीला वाढीसाठी सगळं जेवण हवं. बंद करायची ती लोहाची टॉनिकं, लोह घातलेली पावडर, आणि लोखंडी कढईतल्या रोजच्या भाज्या. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्या मनाने द्यायच्या नाहीत.

प्रत्यारोपण हा या आजारातून सुटायचा एक मार्ग आहे आणि तो लहान वयात, पूर्ण जुळणारं सख्खं भावंड असेल तर सर्वांत यशस्वी ठरतो. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना त्यासाठी दहा लाखांपर्यंत मदत करते. पण तोही मार्ग लोहाच्या रकान्यातूनच जातो. यकृत लोहाने खराब झालेलं असेल तर प्रत्यारोपणाचा धोका वाढतो. म्हणजे आज प्यायलेला पेल्यातला तो पांढरा गाळ उद्याच्या त्या संधीचीही तयारी करत असतो.

पत्राचं शेवटचं पान नातेवाइकांसाठी आहे. आईवडील दोघे वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक असते, आधीची मुलं कशीही असोत. "एक झालं, आता तीन सुखरूप" असा हा हिशेब नसतो. पुढच्या गरोदरपणात दहा ते बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. मुलीच्या मामा, मावशी, काका, आत्या यांनीही हिमोग्लोबिन ए-टू तपासून घ्यावं, लग्नाआधी घेतलं तर सर्वांत बरं. थॅलेसेमियाचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि त्याचे लाभ मिळतात. या मुलांसाठी रक्ताच्या बदल्यात रक्त मागायचं नसतं, हेही आईवडिलांना ठाऊक असलं पाहिजे.

मुलगी आता शाळेत जाते. तिच्या वहीत पुढच्या तारखा आधीच लिहिलेल्या आहेत, आणि त्यातली एक मे महिन्यातली आहे. मे महिन्यात महाविद्यालयं बंद असतात, शिबिरं कमी होतात, रक्तपेढ्यांतले साठे खाली येतात. मोठी झाल्यावर तिला दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या लागतील, वर्षाला सुमारे चौतीस. एक पुरुष दाता तीन महिन्यांतून एकदा, म्हणजे वर्षातून चार वेळा रक्त देऊ शकतो, स्त्री दाता चार महिन्यांतून एकदा. तिच्या एकटीसाठी न चुकता येणारे किमान नऊ दाते हवेत. वाचकांपैकी ज्यांना शक्य आहे, त्यांनी आपली एक तारीख मे महिन्यात ठेवावी.